रखडलेल्या प्रकल्पाची तपासणी आणि पुनर्आखणी: ग्राहकाच्या अभिप्रायाला आमचे उत्तर

अभिप्राय (5 पैकी 2 तारे): "तीन आठवडे घेतले, पावणेदोन लाख रुपये घेतले आणि शेवटी सांगितले काय, तर ईआरपी सॉफ्टवेअरचा प्रकल्प मागे पडला आहे. ते आम्हालाच माहीत होते! आमची यादी अर्ध्याहून अधिक कापली, 1 एप्रिलची तारीख 1 जुलैवर नेली आणि कामे आमच्याच माणसांच्या नावावर टाकली. अहवालाचे पान जोडले आहे. ज्याने त्याने ठरवावे."

व्यवस्थापनाचे उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मनापासून दिलगीर आहे. विशेषतः निष्कर्ष आधी आपल्याशी स्वतंत्रपणे न बोलता थेट सर्व विभागप्रमुखांसमोर मांडले, ही माझी चूक होती. स्टोअर्सच्या प्रमुखांना तो स्वतःवरचा ठपका वाटला आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. आपल्या कंपनीचे नाव मी येथे घेणार नाही. मात्र अहवालाचे पान आपणच जोडले असल्याने त्यातील आकड्यांविषयी बोलणे भाग आहे. आमचे कार्यालय चार माणसांचे आहे आणि हा अभिप्राय वाचून या आठवड्यात दोन ठिकाणांहून आम्हाला फोन आले, म्हणून हे उत्तर थोडे लांबले तर समजून घ्यावे.

प्रथम 'तीन आठवडे' या शब्दांविषयी, कारण तेच मला सर्वाधिक लागले. आम्ही सोमवारी, 13 जानेवारी 2025 रोजी सुरुवात केली आणि सोमवारी, 3 फेब्रुवारीला अहवाल दिला. आपल्या भोसरीच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि आमची रविवारी, त्यामुळे आठवड्यातून पाचच दिवस दोघांचे सामाईक होते. करारात असे 11 दिवस धरले होते, प्रत्यक्षात 15 लागले. वरचे चार दिवस, म्हणजे 17, 18, 20 आणि 21 जानेवारी, आम्ही आपल्या स्टोअर्समधील मालाच्या कोडांच्या यादीची वाट पाहत होतो. ती पहिल्याच दिवशी ईमेलने मागितली होती आणि 22 तारखेला मिळाली. संक्रांत मध्ये आली, आवक जास्त होती, हे सारे मला मान्य आहे. आम्ही या चार दिवसांचे पैसेही लावलेले नाहीत. पण ते आमच्या संथपणाच्या खात्यावर मांडले जावेत, हे मला न्याय्य वाटत नाही.

ती यादी इतकी का लागत होती, हे बैठकीत मी नीट सांगू शकलो नाही. सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या दर आठवड्याच्या पत्रकात प्रकल्प 85 टक्के पूर्ण दाखवला होता. ठरलेल्या 2,000 तासांपैकी 1,700 तास संपले होते आणि त्याच भागाकाराला 'पूर्ण' म्हटले जात होते. यात कोणी खोटे बोलले असे मी म्हणत नाही, परंतु त्या आकड्यातून फक्त खर्च मोजला जातो. अर्धा शिवलेला सदरा आणि घालता येईल असा सदरा यांत शिंप्याचे तास जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून आम्ही एकच कसोटी लावली: जो माणूस ते काम उद्या रोज करणार आहे, त्याने आपल्या खऱ्या मालाच्या, खऱ्या पुरवठादाराच्या नोंदीवर ते स्वतः करून दाखवावे. जमले तर पूर्ण, नाही तर अपूर्ण. मधला रकाना ठेवला नाही. यादीत 64 कामे होती, प्रत्येकाला साधारण 20 मिनिटे धरली तर 21 तास होतात, आणि आपली माणसे दिवसाला तीन तासच मोकळी होऊ शकत होती. 22 ते 31 जानेवारीतील सात सामाईक दिवस असे गेले. नमुन्याची चार नावे घालून हे दोन दिवसांत उरकता आले असते, पण मग पुरवठादाराच्या आणि आमच्या पत्रकात फरक काय राहिला असता?

त्या कसोटीवर 64 पैकी 23 कामे उतरली, म्हणजे 36 टक्के. प्रकल्प मागे आहे हे आपल्याला ठाऊक होते, हे मी नाकारत नाही. परंतु 85 आणि 36 यांतील अंतर कोणालाच ठाऊक नव्हते आणि 1 एप्रिलला नवी पद्धत सुरू करण्याचा निर्णय 85 वर उभा होता. आणखी एक गोष्ट त्या मोजणीतूनच कळली. एकाच आठ मिलिमीटरच्या बोल्टला चार वेगवेगळे कोड होते. उत्पादनाच्या सुट्या भागांच्या यादीत एक कोड, खरेदीत दुसरा, म्हणून फळीवर पेटी भरलेली असताना पडद्यावर शिल्लक शून्य दिसत होती. प्रोग्रॅममध्ये दोष आहे असे समजून पुरवठादाराची माणसे तेच पान तीनदा लिहून बसली होती.

आता तारखेविषयी. पूर्ण झालेल्या 23 कामांपैकी 12 मागील 12 आठवड्यांत झाली होती, म्हणजे आठवड्याला एक. उरलेली 41 कामे त्याच गतीने 41 आठवडे घेतील, हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. पुरवठादाराने आणखी चार प्रोग्रॅमर देऊ केले होते आणि आम्ही ते नको म्हटले, यावरही आपण नाराज होता असे मला नंतर कळले. काम प्रोग्रॅमरपाशी अडलेच नव्हते. ते अडले होते जॉबवर्कची, म्हणजे माल बाहेर पाठवून काम करून घेण्याची, पद्धत पूर्णपणे जाणणाऱ्या स्टोअर्समधील एकाच माणसापाशी. नवे चौघेही प्रश्न विचारायला त्याच्याकडेच गेले असते आणि दिवसभर गेटवरची आवक नोंदवत तो त्यांना उत्तरे देत बसला असता.

गती एका मर्यादेपलीकडे वाढत नसेल तर यादीला हात लावावा लागतो. येथे 'कापली' हा शब्द मला कडक वाटतो. 41 कामांपैकी 18 पहिल्या दिवसासाठी ठेवली, 14 दुसऱ्या टप्प्यात नेली आणि नऊच काढून टाकली. प्रत्येक कामाला विचारलेला प्रश्न असा होता: हे नसेल तर पहिल्या दिवशी मालाची गाडी गेटबाहेर कायदेशीरपणे जाऊ शकेल का, आणि महिनाअखेरीस हिशेब बंद होईल का? ई-इन्व्हॉइस, ई-वे बिल, आवक नोंद, शिल्लक आणि जॉबवर्कचे चलन ही त्यामुळे आपोआप राहिली. जॉबवर्करकडे पाठवलेला कच्चा माल जीएसटी कायद्यानुसार एका वर्षात परत यावा लागतो, आणि कोणता माल कोठे पडून आहे हे दाखवता न येणे आपल्या उद्योगात परवडणारे नाही. नोंदींतील प्रत्येक बदलाचा माग ठेवण्याची सोय पुरवठादाराला पुढे ढकलायची होती. ती आम्ही हट्टाने परत आणली, कारण 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ती बंधनकारक आहे. म्हणजे यादीत आम्ही भरही घातली आहे, हे अभिप्रायात आले असते तर बरे वाटले असते. बारकोड दुसऱ्या टप्प्यात गेला, कारण चार कोडांच्या बोल्टवर बारकोड चिकटवला तर चूक फक्त जलद वाचली जाईल. संचालकांच्या मोबाइलवरचे आलेख काढले. ते आपल्याला प्रिय होते याची कल्पना आहे.

18 कामांना आठवड्याला एक या जुन्या गतीने 18 आठवडे आणि दीड या सुधारित गतीने 12 आठवडे लागतात. म्हणूनच अहवालात एक तारीख न देता दोन दिल्या होत्या: एप्रिलची अखेर किंवा 9 जून. त्यापुढे तीन आठवडे जुनी व नवी पद्धत शेजारी चालवण्यासाठी आणि मालाच्या मोजदादीसाठी. 9 जूनला तीन आठवडे मिळवले की 30 जून येतो. जून महिन्याच्या मध्यात बदल केला असता तर एकाच महिन्याची बिले दोन पद्धतींतून गोळा करून जीएसटीचे विवरणपत्र भरावे लागले असते, म्हणून महिन्याचा पहिला दिवस. आपल्या जोडलेल्या पानावर फक्त 1 जुलै दिसतो, त्याआधीचे पान जोडायचे राहिले असावे.

माणसांच्या नावांविषयी थोडे अधिक स्पष्टपणे लिहितो. जुन्या यादीत 17 कामांपुढे 'आयटी, स्टोअर्स, अकाउंट्स' असे तिन्ही विभाग लिहिले होते, आणि त्या 17 पैकी एकही काम पूर्ण झाले नव्हते. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नाही. नव्या यादीत प्रत्येक कामापुढे एकच नाव आहे आणि ते आपल्या कंपनीतले आहे, कारण 'हे चालते' असे म्हणण्याचा अधिकार ना पुरवठादाराला आहे ना आम्हाला. कोडांच्या यादीवर स्टोअर्सप्रमुखांचे नाव घातले, पण त्याच ओळीत त्यांच्या जॉबवर्कच्या माणसाला मंगळवारी आणि शुक्रवारी दोन-दोन तास गेटच्या नोंदवहीतून मोकळे करावे आणि तेथे दुसरा माणूस बसवावा, असेही लिहिले आहे. दीडची गती त्या चार तासांवरच उभी आहे. ते तास न देता नुसते नाव घातले तर तो खरोखरच बोजा होईल, आणि तसे झाले असेल तर आपली तक्रार रास्त आहे. मात्र आम्ही सुचवलेली ती योजना नव्हे.

आमच्याकडून यापुढे काही बदल होतील. लागणाऱ्या कागदांची यादी काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी पाठवू, पहिल्या आठवड्याअखेर अर्ध्या पानाची टिपण देऊ आणि बैठकांच्या बाबतीतही अधिक काळजी घेऊ.

योजनेत 17 मार्चला एक थांबा ठेवला होता: तोवर 18 पैकी किमान सहा कामे त्याच कसोटीवर उतरली नाहीत तर 1 जुलै ही तारीखही सोडून द्यावी आणि यादी पुन्हा उघडावी. पुढचे काम आपण आम्हाला न देण्याचे ठरवले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तरीही त्या दिवशी सकाळी मी स्वतः येऊन ती सहा कामे विनामूल्य मोजून देण्यास तयार आहे. 17 मार्चला सोमवार आहे, म्हणजे कारखाना चालू असेल. स्टोअर्सप्रमुखांची सकाळी दोन तासांची वेळ तेवढी ठेवावी.

आपला नम्र,
संचालक