ट्रेलर जोडला की मागच्या टायरची हवा वाढवायची असते, कमी नाही

"ट्रेलर किंवा कॅरव्हॅन ओढणार असाल तर गाडीच्या मागच्या टायरमधली हवा ४-५ पीएसआय कमी करा. लांबच्या रस्त्यावर टायर तापून हवा वाढते आणि टायर फुटतो. नरम टायर रस्ता पण चांगला पकडतो. वाटेत हवा वाढलेली दिसली तर थोडी सोडून द्या. ट्रेलरच्या टायरमधे गाडीएवढीच हवा ठेवा. सगळ्यांना पाठवा."

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि माझ्या भाऊजींनी तो शब्दशः पाळला. म्हणून हे लिहितोय. कृपया असं करू नका, आणि का करू नका ते नीट सांगतो.

आधी वजनाचं बघू, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं, थोडा भार पुढच्या दांड्यातून आपल्या गाडीच्या हुकवर येतो. भाऊजींची कॅरव्हॅन छोटी आहे, दोन चाकांची, सामानासकट साधारण १००० किलो, आणि हुकवर ७५ किलो येतात. हे मोजणं अवघड नाही, सपाट जागेवर दांडा हुकच्याच उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा घ्यायचा, त्याच्याखाली घरातला बाथरूमचा वजनकाटा ठेवायचा आणि आकडा वाचायचा. आता बहुतेकांना वाटतं की ७५ किलो म्हणजे एक माणूस मागे जास्त बसला, त्यात काय एवढं. पण हुक मागच्या चाकांच्याही मागे, चांगला एक-सव्वा मीटर बाहेर असतो, त्यामुळे गाडी सी-सॉसारखी वागते, मागे दबते आणि पुढे उचलली जाते. भाऊजींच्या सात सीटर गाडीत पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर पावणेतीन मीटर आहे आणि हुक मागच्या चाकांपासून १.१ मीटर मागे. हिशोब केला तर मागच्या चाकांवर ७५ नाही, १०५ किलो वाढतात, आणि वरचे ३० पुढच्या चाकांवरून कमी होतात. त्यात मागे बसलेली मुलं, आजी, डिकीतल्या बॅगा आणि पाण्याचे कॅन वेगळेच.

आणि हे वजन पेलतं कोण? रबर नाही पेलत, आतली हवा पेलते. टायर एक आकाराची पिशवी आहे, तिच्यात हवा जेवढी दाबून भरलेली तेवढा भार ती न चेपता घेते. भार वाढला आणि हवा कमी केली तर टायर दोन्हीकडून मार खातो. बाजूची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते आणि सरळ होते, ताशी ८० ला हे सेकंदाला दहा-अकरा वेळा होतं, एखादी तार पुढेमागे वाकवत राहिलं की ती तापते ना, तसंच. ही उष्णता रबर आणि आतले पट्टे यांच्यातली पकड सोडवते आणि मग टायर फाटतो. म्हणजे मेसेजमधे जे फुटणं सांगितलंय ते खरं आहे, फक्त कारण उलटं सांगितलंय. धडधाकट टायर तापून चार-पाच पीएसआय वाढला म्हणून फुटत नाही, कंपनीने टायर बनवताना ती वाढ धरलेली असते. गाडीच्या दाराजवळच्या स्टिकरवर हवेचा जो आकडा लिहिलेला असतो तो थंड टायरचा असतो, तो याचसाठी.

आता भाऊजींचं काय झालं ते सांगतो, सगळे आकडे मी त्यांच्याकडून विचारून घेतलेत. मे महिना, पुण्याहून वाईला, धोमच्या बाजूला दोन दिवस. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दोन ओळी आहेत, दोन-तीन माणसं असतील तर पुढे-मागे ३३, आणि पूर्ण लोड असेल तर पुढे ३३ मागे ३९. त्यांनी ३३ मधून ५ वजा करून मागे २८ भरली. म्हणजे पाहिजे त्यापेक्षा ११ कमी. कात्रज सोडून पुढे गेल्यावर ताईला मागून डुलल्यासारखं वाटत होतं, भाऊजींना वाटलं वारा आहे. शिरवळला चहाला थांबले आणि हवा मोजली तर ३४! मेसेजमधे लिहिलंय तसंच झालं असं त्यांना वाटलं, विश्वास अजून पक्का बसला, आणि त्यांनी मापून परत २८ वर आणली.

इथेच खरी चूक झाली आणि ती कुणालाही होऊ शकते म्हणून जरा थांबून समजावून घ्या. २८ ची ३४ झाली म्हणजे आतली हवा साधारण ७० डिग्रीपर्यंत तापली होती. तेवढी का तापली, तर हवा कमी होती म्हणून. गरम असताना ६ पीएसआय सोडले म्हणजे ती हवा कायमची गेली, टायर थंड झाला की ती परत येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोनवर सांगितलं म्हणून त्यांनी गाडी हलवायच्या आधी मोजली, तर दोन्ही मागचे टायर २२-२३ वर! म्हणजे खंबाटकीचा घाट ते पूर्ण भरलेली गाडी आणि मागे टनभर कॅरव्हॅन घेऊन अशा टायरवर चढले होते. आणि शिरवळनंतर परत थांबून मोजलं असतं तर परत वाढलेली दिसली असती, परत सोडली असती. हे चक्र असं असतं की प्रत्येक वेळी माणसाला आपण बरोबर करतोय असंच वाटतं.

म्हणून हवा फक्त थंड टायरवर मोजायची, गाडी निदान तीन तास उभी असताना किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर हळू चालवल्यावर. वाटेत गरम टायरची हवा थंडपेक्षा ४-६ जास्त दिसणारच, तिला हात लावायचा नाही. वाटेत मोजायचंच असेल तर ते एवढ्यासाठी की पुढच्या किंवा मागच्या जोडीतला एक टायर दुसऱ्यापेक्षा कमी दाखवतोय का, म्हणजे पंक्चर आहे का. उन्हाचं म्हणाल तर हवेचं तापमान ५-६ डिग्रीने बदललं की साधारण १ पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे भरलेली हवा मे महिन्यात तपासल्याशिवाय चालवू नका, दर ट्रिपला निघायच्या आधी मोजा.

पकडीचा मुद्दा कुठून आला असेल ते मला कळतं. वाळूत किंवा चिखलात गाडी रुतली की लोक हवा सोडतात, टायर पसरतो आणि गाडी बाहेर निघते. तिथे ते बरोबर आहे, कारण वेग बैलगाडीचा असतो आणि बाहेर आल्यावर हवा परत भरायची असते. हायवेवर गोष्ट वेगळी. मागचा टायर नरम असला की त्याची भिंत आडवी पण डुलते, गाडीची शेपटी इकडेतिकडे सरकते, आणि मागची कॅरव्हॅन त्याच शेपटीला धरून असल्यामुळे तिचा झोका वाढत जातो. ताईला जे डुलणं जाणवत होतं ते याचंच. मोठा ट्रक शेजारून गेला की हा झोका अजून वाढतो. असं कधी झालं तर ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा, झटक्याने ब्रेक मारायचा नाही.

मग भरायची किती? गाडीच्या माहितीपुस्तकात टोइंगचा वेगळा आकडा असेल तर तोच. (आणि आधी हे बघा की तुमच्या गाडीला ट्रेलर ओढायची परवानगी आहे का आणि किती वजनाची, सगळ्या गाड्यांना नसते.) वेगळा आकडा नसेल तर स्टिकरवरची पूर्ण लोडची ओळ. युरोपातल्या नियमात ट्रेलर ओढताना मागच्या ॲक्सलवर ठराविक मर्यादेपर्यंत जास्त भार चालतो, पण त्याला अट अशी की वेग ताशी १०० च्या वर जायचा नाही आणि मागच्या टायरमधे नेहमीपेक्षा किमान ०.२ बार, म्हणजे ३ पीएसआय, जास्त हवा हवी. म्हणजे जिथे घराघरात कॅरव्हॅन ओढतात तिथेही दिशा वरचीच आहे. पुढच्या टायरवरचं वजन थोडं कमी झालं म्हणून त्यांची हवा मात्र कमी करू नका, घाटात उतरताना ब्रेक लागला की बरंच वजन पुढे येतं. आणि वाढवायची म्हणून टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत पण नाही जायचं, ती त्या टायरची शेवटची हद्द आहे, तुमच्या गाडीसाठीची शिफारस नाही. हवेने हद्दीपलीकडचं वजन पण उचलता येत नाही. टायरवर मापाच्या पुढे भाराचा अंक असतो, ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९०. शंका असेल तर हायवेच्या वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

कॅरव्हॅनच्या टायरचं तर सगळ्यात वाईट सांगितलंय मेसेजमधे. भाऊजींच्या कॅरव्हॅनला दोनच चाकं, म्हणजे एकेका छोट्या टायरवर साधारण ४६० किलो, आणि तिच्या प्लेटवर ५० पीएसआय लिहिलंय. त्यात ३३ भरली होती. ट्रेलरच्या टायरची हवा ट्रेलरच्या प्लेटवरून आणि त्याच टायरवरून ठरते, गाडीशी तिचा काही संबंध नाही. पंपावर हवा भरणारा मुलगा सवयीने सगळीकडे ३२-३३ मारतो, त्याला आधीच आकडा सांगा आणि स्वतःच्या गेजने परत बघा. ट्रेलरचा टायर बसला तरी ड्रायव्हरला लवकर कळत नाही, म्हणून दर थांब्याला उतरून दोन्ही टायरजवळ हात नेऊन बघा, एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त गरम असेल तर हवा कमी आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक घासतोय.

वाईच्या टायरवाल्याने गाडीचे मागचे दोन्ही टायर रिममधून काढले तेव्हा आत काळ्या रबराचा भुगा निघाला आणि भिंतीला आतून गोल सुरकुत्या पडलेल्या होत्या. बाहेरून टायर एकदम चांगले दिसत होते. असा टायर हवा बरोबर भरून परत वापरता येत नाही, दोन्ही टाकून नवीन घेतले. परतीच्या दिवशी सकाळी साडेसहाला मागे ३९, पुढे ३३, कॅरव्हॅनला ५०, गाडीतलं टायर प्रेशरचं मीटर नव्याने रिसेट केलं. शिरवळला त्याच टपरीवर थांबून भाऊजींनी मागची मोजली, ४४ होती. हात लावला नाही. घरी येऊन कॅरव्हॅन सोडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर मागची परत ३३ केली.