फुकटातलं संबळ आणि विकायचा गेम

"गेमसाठी फॉन्ट, संगीत, चित्रं विकत घेऊ नका. नेटवर 'फ्री' लिहिलंय ते बिनधास्त वापरा, शेवटी क्रेडिट द्या, विषय संपला. लोकसंगीताला तर मालकच नसतो. आणि ज्याला पैसे मोजून काम करून घेतलं, त्याचं काम आपोआप आपलं."

हा मेसेज नांदेड-लातूरकडच्या पोरांच्या ग्रुपांवर फिरतोय. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, त्याकडे शेवटी येतो.

आधी फॉन्ट. विंडोजसोबत 'मंगल' मिळतो, म्हणून मराठी गेमात तोच घातलेला दिसतो. त्यात लिहून चित्र काढणं वेगळं आणि फॉन्टची फाइल दुसऱ्याला देणं वेगळं. गेम एंजिन बहुतेक वेळा ती फाइलच गेममध्ये बांधतं, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्ही मंगलची प्रत वाटता, आणि तशी परवानगी विंडोजसोबत मिळत नाही. 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' घ्या. ते SIL Open Font License खाली आहेत. गेमबरोबर विकता येतात, फक्त फॉन्ट एकटा विकायचा नाही आणि सोबत कॉपीराइटची ओळ व लायसन्सची OFL.txt फाइल ठेवायची. आपल्याकडे आणखी एक भानगड होते. ल आणि श हिंदी वळणाचे दिसले की कुणीतरी फॉन्ट उघडून आकार बदलतो. बदलायला हरकत नाही, पण बदललेला फॉन्टही त्याच लायसन्सखाली राहतो, आणि मूळ नाव राखीव असेल तर तुमच्या फॉन्टला दुसरं नाव द्यावं लागतं.

क्रेडिटचं म्हणाल, तर नाव छापणं ही परवानगीची अट असते, परवानगी नव्हे. नेटवरच्या बऱ्याच फुकट कामांवर CC, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स असतं. CC BY असेल तर कर्त्याचं नाव, लायसन्सचा दुवा आणि काय बदललं ते लिहा, मग खुशाल विका. CC BY-NC असेल, म्हणजे पैशासाठी वापर नको असं असेल, तर दहा वेळा नाव लिहिलं तरी विकता येत नाही. गेम फुकट देऊन जाहिरातींवर कमावणं हेही पैशासाठीच झालं. संगीताच्या ND कडे, म्हणजे 'बदललेलं वाटू नका' या अटीकडे, मात्र कुणी बघत नाही. CC च्या 4.0 आवृत्तीत संगीत हलत्या चित्राशी वेळ जुळवून लावलं की ती बदललेली कृती धरतात, म्हणून ND ट्रॅक कटसीनला, म्हणजे गेममधल्या गोष्ट सांगणाऱ्या चित्रफितीला, चालत नाही, एक सूरही बदलला नसला तरी. SA, म्हणजे 'बदललेलंही याच लायसन्सखाली द्या' अशा अटीचा ट्रॅक तसा लावला तर तो कटसीन तुम्हाला त्याच लायसन्सखाली मोकळा सोडावा लागतो.

आता संबळ, म्हणजे 'लोकसंगीताला मालकच नसतो' हे वाक्य. एकनाथांचं भारूड सोळाव्या शतकातलं, त्याच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही. पण ध्वनिमुद्रणाला भारतात प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं संरक्षण असतं. 1975 ची रेकॉर्ड 31 डिसेंबर 2035 पर्यंत बंद. चाल नवी बांधलेली असेल तर संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. तुळजापूरच्या गोंधळ्याचं संबळ तुम्ही स्वखर्चानं मुद्रित केलं तर मुद्रणाचे निर्माते तुम्ही. वाजवणाऱ्याचा कलाकार म्हणून हक्क तरीही उरतो, त्यामुळे त्याची लेखी संमती हवी.

पैसे मोजले की काम आपलं, हे ते अर्धं खरं वाक्य. मोबदला देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा असतो. संगीताला हा नियम नाही. माझ्या ओळखीच्या दोघांनी लातूरच्या एका पोराकडून तीन ट्रॅक 9,000 रुपयांत करून घेतले. त्यानं घरीच बनवून दिले. कागदावर लिहिलं होतं, "सर्व हक्क दिले", सही, तारीख. मुदत नाही, प्रदेश नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम 19 अशा कागदात स्वतःच आकडे भरतं. मुदत नसेल तर पाच वर्षं, प्रदेश नसेल तर फक्त भारत. आणि दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, कागदात वेगळं लिहिलं नसेल तर. यांच्या गेमला दोन वर्षं लागली आणि विकायचा होता स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात, जगभर. म्हणजे बाजारात उतरायच्या दिवशी हातात हक्कच नव्हता.

पोरगा भला होता म्हणून दुसरा कागद झाला. त्यात तिन्ही ट्रॅकची नावं, रक्कम, "कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी", "जगभर", "गेम, ट्रेलर व पुढील भागांत" आणि "एका वर्षात वापर न झाल्यास हक्क संपणार नाही" असं स्पष्ट लिहिलं. ट्रॅक स्वतःचे आहेत, कुठल्या सॅम्पल पॅकमधून उचललेले नाहीत, हेही त्याच्याकडून लिहून घेतलं. तिथे तो अडखळला. एका ट्रॅकमधला ढोलकीचा लूप कुठून आला, ते त्याला आठवेना. तो लूप काढून त्यानं तेवढा तुकडा पुन्हा वाजवून दिला, मग सही केली.