सगळ्यात छोटा N शोधायचा हट्ट कशाला?

एफवायच्या पोरांचे एप्सिलॉनचे पेपर बघितले की एक गोष्ट हमखास दिसते, आणि ती पोरांची कमी, आपल्या शिकवण्याचीच जास्त चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. सीक्वेन्सची लिमिट सिद्ध करताना, ज्या N पासून पुढची प्रत्येक टर्म लिमिटपासून दिलेल्या ε पेक्षा कमी अंतरावर असते, त्या N चं पोरं "उत्तर काढत" बसतात, जसं काही समीकरणच सोडवायचंय.

साधं उदाहरण घ्या, (n+1)/(2n+3). लिमिट 1/2 हे कुणीही सांगेल, वरखाली n ने भागलं की झालं. आता सिद्ध करायचं म्हणजे आधी फरक काढा:

|(n+1)/(2n+3) − 1/2| = 1/(4n+6)

कारण वर 2n+2 मधून 2n+3 गेले, उरला −1, आणि मॉड्यूलसने चिन्ह खाल्लं. इथपर्यंत सगळे बरोबर येतात. पुढे पोरगं 1/(4n+6) < ε सोडवतं, n > (1/ε − 6)/4 काढतं, आणि खुशाल N = (1/ε − 6)/4 लिहून मोकळं होतं. आता यात ε = 0.2 टाका. येतं −1/4! अहो, मायनस पाववी टर्म कुठली आणायची? मग max(1, ...) लावा, पूर्णांक करा, नसती उठाठेव.

त्यापेक्षा तो 6 सरळ सोडून द्या ना. 4n+6 हा 4n पेक्षा मोठा, म्हणून 1/(4n+6) < 1/(4n), आता N ≥ 1/(4ε) असा कुठलाही नैसर्गिक N घ्या (असा मिळतोच, आर्किमिडीयन प्रॉपर्टी त्यासाठीच तर शिकवलेली असते), की n ≥ N असलेल्या प्रत्येक टर्मसाठी फरक ε पेक्षा कमी. संपलं. ε = 0.01 ला यातून N = 25 येतो, नीट सोडवलं तर 24 पासूनच चालतं, पण एक टर्म उशिरा सुरू केली म्हणून काय बिघडलं? व्याख्येला कुठलातरी एक N हवाय, सगळ्यात छोटा कुणी मागितलाच नाहीये.

फक्त काय सोडायचं ते बघून सोडा हं. खाली 2n−3 असतं तर फरक 5/(4n−6) आला असता, आणि तिथे 6 उडवला तर 5/(4n) हा *लहान* होतो, म्हणजे तो ε च्या आत आला तरी खरा फरक बाहेर असू शकतो. पोरं नेमकी इथे आपटतात. तिथे असं करायचं: n ≥ 3 असेल तर 4n−6 ≥ 2n, म्हणून फरक जास्तीत जास्त 5/(2n), आणि N हा 3 पेक्षाही कमी नको आणि 5/(2ε) पेक्षा मोठा हवा. ती "n ≥ 3" ची अट N मध्ये लिहायला विसरलात तर मी तरी मार्क कापतो.

आणि कच्चं काम उलटं असतं, फरकापासून N कडे जाणारं, ते मार्जिनमध्ये ठेवा. उत्तरात पहिली ओळ "ε > 0 दिलाय, असा N घेऊ" हीच यायला हवी, नाहीतर N कधीकधी n वरच अवलंबून लिहिलेला सापडतो आणि पोराला ते कळतही नाही.