‘नाही’ ऐकायचं तरी किती वेळा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

“ताई, ‘मोकळेपणाने बोला’ हे लिहायला सोपं आहे. मी बोललो की बायकोला दबाव वाटतो, गप्प बसलो की घरात दोन भाडेकरू राहत असल्यासारखं वाटतं. ‘नाही’ ऐकून ऐकून माणूस आतून खचतो, त्यावर तुमच्या लेखात एक ओळ नाही.”

तक्रार मान्य. नवरा-बायकोची शरीरसंबंधाची भूक सारखी नसेल तर मोकळेपणाने बोला, असं मागच्या लेखात म्हटलं, पण कधी आणि काय, हे लिहायचं राहिलंच.

आमचंच सांगते. मुलगी वर्षाची होती. मी ओट्याशी पोळ्या लाटत असताना नवऱ्याने मागून खांद्यावर हात ठेवला की माझं अंग आखडायचं. त्याला वाटायचं, मी हिला नकोसा झालोय. मला तो हात नको नव्हता, त्या हाताचं रात्री येणारं बिल नको होतं. म्हणून मी हातच टाळायला लागले, आणि तो जितका जवळ यायला बघायचा तितकी मी मागे सरायचे. तुमच्याकडेही असंच असेल असं नाही, पण एकदा विचारून बघा.

आम्ही बोललो ते रविवारी दुपारी, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना. अंथरुणात, नुकतंच ‘नाही’ म्हटल्यावर हा विषय काढला की तो खटलाच होतो. ठरलं ते असं: तीन आठवडे संबंध ठेवायचाच नाही, मूड आला तरी. आठवड्यातून दोनदा, वीसेक मिनिटं, आळीपाळीने पाठ, हात, केसांवरून हात फिरवायचा. ज्याच्या अंगावर हात, त्याने कुठे बरं वाटतं ते सांगायचं. ही युक्ती आमची नव्हे. मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकन जोडीने 1970 मध्ये मांडलेल्या उपचाराचं हे घरगुती रूप.

दुसऱ्या आठवड्यात बिघडलं. “अजून किती दिवस?” असं त्याने हसत विचारलं, आणि माझं अंग पुन्हा आखडलं. दिवस मोजायला लागलं की तोही दबावच, आणि सकाळी चहाच्या वेळचा अबोलाही. हे त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “मग माझं वाईट वाटणं मी ठेवू कुठे?” प्रश्न रास्त होता. तेव्हापासून मी नुसतं ‘नको’ म्हणत नाही. “आज नको, पण जवळ ये, पाठ दाबून दे” म्हणते, तेही खरंच हवं असेल तेव्हाच. आणि वाईट वाटलं तर तो दुसऱ्या दिवशी, उजेडात, सांगतो.

काहींना इच्छा आधी होत नाही, जवळीक सुरू झाल्यावर होते. पण ती मध्येच थांबवता येईल याची खात्री असेल तरच. “सुरू तर कर, मग आवडेल” म्हटलं की ती खात्री गेली.

दुखत असेल, बाळ अंगावर पीत असल्याने कोरडेपणा असेल, नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टर. तिथे माझा सल्ला कुचकामी.

आमची भूक आजही सारखी नाही. पण परवा तो भांडी विसळत होता आणि मागून हात ठेवला तो मी.