श्रीकृपेकरून फर्निचर

परवा सांगलीत माझ्या मेहुण्याच्या नव्या फर्निचर शोरूमचे उद्घाटन झाले. त्याचे निमंत्रण मी लिहिले होते, हे आता सासरी फक्त दोष देण्यापुरते आठवले जाते.

वास्तविक मी दोन मसुदे केले होते. जुन्या ग्राहकांच्या संदेशात प्रत्येकाचे नाव, त्याने पूर्वी नेलेला दिवाण किंवा कपाट यांची आठवण, वेळ, पत्ता आणि गाडी कुठे लावायची एवढेच होते. पत्रकारांच्या मसुद्यात सवलतीचा शब्दही नव्हता, कारण सवलत ही जाहिरात असते, बातमी नव्हे. चाळीस वर्षे रंधा मारणारे आमचे मिस्त्री फीत कापणार, ही बातमी होती. आणि संध्याकाळी दैनिकांत पाने लावण्याची घाई असते म्हणून वेळ सकाळी अकराची ठेवली होती.

मसुदा सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, हाती गेला.

"जावईबापू, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' कुठे गेले?"

"आप्पा, हे लग्न नव्हे."

"मग 'कृपया आहेर आणू नये' तरी घाला."

"शोरूमला आहेर कोण आणील?"

"कोणी आणणार नाही, म्हणूनच घालायचे. आपण नको म्हटले, एवढे तरी राहील."

यावर उत्तर नव्हते. पुढे अकराचा मुहूर्त गोरज झाला, मिस्त्रींच्या जागी आप्पांचे वर्गमित्र असलेले एक माजी सभापती आले, आणि "पत्रकारांनाही झोपायला पलंग लागतोच" या न्यायाने दोन्ही मसुद्यांचा एकच होऊन त्याच्या माथ्यावर दहा टक्के सवलत विराजमान झाली. दुसऱ्याच दिवशी एका दैनिकातून दूरध्वनी आला, तो जाहिरात विभागाचा होता. पाव पान घेणार की अर्धे, असे ते अत्यंत नम्रपणे विचारत होते.

ग्राहकांचे तर त्याहून वाईट झाले. मेहुण्याने शोरूमसाठी नवे सिमकार्ड घेतले आणि त्यावरून १८० ग्राहकांची व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट यादी केली. अशा यादीतला संदेश, ज्याने पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला असेल, त्यालाच पोहोचतो. कालच घेतलेला क्रमांक घरच्यांखेरीज कोण जतन करणार? नावांपुढे एकेरी टिकच राहिली, तरी कोणाला शंका आली नाही. जुन्या क्रमांकावरून पाठवा, असे मी सांगितले होते; पण ते म्हणे "कोपऱ्यात बसून" सांगितले होते.

गोरज मुहूर्तावर बत्तीस माणसे जमली. त्यांतली एकोणीस घरची होती आणि मिस्त्री मागे खुर्च्या लावत होते. दाराशी गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुलीने माझ्या खिशातले पेन पाहून आदराने विचारले, "आपण कोणत्या पेपरचे?" मी जावई असल्याचे सांगताच तिने गुलाबदाणी खाली ठेवली आणि म्हणाली, "मग जरा खुर्च्या लावायला येता का?"