फुकट टेस्ट मागितली की आधी फाईलचं पहिलं वाक्य बघा

भाषांतर करणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितेय. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला घरी बसून हे काम करणारे बरेच झालेत आता, आणि सगळ्यांची तक्रार एकच, ताई, काम द्यायच्या आधी टेस्ट मागतात, करायची का नाही. ग्रुपवर दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे फुकट काहीच करू नका, दुसरं म्हणजे नवीन आहात तर करून टाका, ओळख होते. मला दोन्ही पटत नाहीत. टेस्ट मागणं चूक नाहीच. समोरच्याने मला कधी पाहिलेलं नाही, माझं मराठी कसंय हे त्याला कळणार कसं? सराफ बाजारात सोनं तपासायला कसोटीवर एक रेघ ओढतात ना, तेवढं ठीक आहे, पण अख्खी पाटली झिजवायला कोणी देतं का?

तर मागे एका एजन्सीचा मेल आला. बॅटरीवरच्या फवारणी पंपाचं मॅन्युअल, इंग्रजीतून मराठी, एकूण ३६ पानं. त्याआधी एक "छोटीशी टेस्ट", चार पानं, साधारण ११०० शब्द, उद्या संध्याकाळपर्यंत हवी. आता ११०० शब्द म्हणजे नीट केलं, संज्ञा तपासल्या, परत एकदा वाचलं तर अर्धा दिवस कुठेच जात नाही. माझ्या दीड रुपया शब्दाच्या रेटने ते १६५० रुपयांचं काम होतं. पण मला पैशाआधी खटकली ती फाईल. पान नंबर १३ पासून सुरू. पहिल्या वाक्याला सुरुवातच नाही, मागच्या पानावरचं अर्धवट वाक्य पुढे चालू, त्याखाली एकदम 4.3 नंबरचा मुद्दा, वॉशर झिजला तर काय करायचं. आणि पान १६ पण तसंच वाक्याच्या मधेच तुटलेलं.

ज्याला खरंच परीक्षा घ्यायचीय तो असं कापत नाही हो. खरी टेस्ट २५० ते ३०० शब्दांची असते, तिला आगापिछा असतो, आणि मुद्दाम अडचणीचा उतारा निवडलेला असतो, एखादं लांबलचक वाक्य, एखादं एकक, शब्दाला शब्द ठेवला की विनोद होईल अशी एखादी सूचना. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती सगळ्यांना सारखीच देतात, नाहीतर तुलना करणार कशी? म्हणून मी धुळ्याच्या मैत्रिणीला फोन लावला, म्हटलं तुला पण आलंय का गं काही. आलं होतं. तिला पान २१ ते २४, सुरक्षेचं प्रकरण. आता हिशोब करा, ३६ पानं, माणशी चार, म्हणजे नऊ जण. नऊ जणांनी "टेस्ट" दिली की अख्खं मॅन्युअल मराठीत तयार, आणि १४,८५० रुपयांचं काम शून्यात. बाकीची पानं कोणाला गेली ते मी शोधत बसले नाही, पण दोघींना वेगवेगळी पानं आल्यावर परीक्षा कसली घेताय हा प्रश्न पडतोच ना.

तरी मी भांडले नाही. आपल्याकडे एक तर लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत आणि म्हटलं तर एकदम हमरीतुमरीवर येतात, दोन्हीचा उपयोग नाही. आणि समोरचा खरंच नवखा असू शकतो, त्याला टेस्ट किती मोठी असते तेच माहीत नसतं. म्हणून त्याला दोन रस्ते द्यायचे आणि तो कोणता निवडतो ते बघायचं. मी लिहिलेलं जवळपास असं होतं:

"नमस्कार, फाईल मिळाली. टेस्टसाठी २५० शब्दांपर्यंतचा उतारा मी विनामूल्य करते, यातला सलग असा कोणताही उतारा तुम्ही निवडून पाठवा, उद्या दुपारपर्यंत देते. चारही पानं हवी असतील तर ते पेड ट्रायल म्हणून १६५० रुपयांत करते, निम्मे आधी. ही पानं मॅन्युअलचाच भाग आहेत, त्यामुळे पूर्ण काम मला दिलंत तर त्यांचे वेगळे पैसे लागणार नाहीत. टेस्टचा मजकूर फक्त तपासण्यासाठी आहे, मोबदला ठरेपर्यंत तो छापू किंवा वापरू नये."

यात उतारा त्यालाच निवडायला सांगितलाय, म्हणजे आपण सोपं शोधून दिलं असं तो म्हणू शकत नाही. आणि पैसे दिले तरी त्याचं नुकसान शून्य, कारण ती पानं त्याला कोणाकडून तरी करून घ्यायचीच आहेत. खरं गिऱ्हाईक इथे लगेच हो म्हणतं किंवा निदान भाव तरी करतं. भाव करणारा चालतो मला, त्याच्या डोक्यात पैसे द्यायचा विचार तरी आहे.

शेवटची ओळ उगाच नाही टाकलेली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. टेस्ट पाठवली म्हणजे हक्क गेले असं होत नाही. अर्थात १६५० रुपयांसाठी कोर्टात कोण जातंय, वकिलाची फीच त्याच्या वर होईल. पण मेलमध्ये ओळ लिहिलेली असली की नंतर "हे छापलंय, बिल पाठवते" असं म्हणायला आधार राहतो. काही जण वॉटरमार्क टाकून पीडीएफ पाठवतात, पाठवा, पण चार पानं परत टाईप करायला कितीसा वेळ लागतो.

जुनी कामं नमुना म्हणून पाठवतानाही जरा जपून हं. दुसऱ्या गिऱ्हाईकाची फाईल उचलून पाठवली तर नवा माणूस मनात म्हणणारच, उद्या माझी पण अशीच फिरवेल. त्यापेक्षा निवांत वेळी शेतीचं, बँकेचं, औषधाचं असं एकेक पान स्वतःच भाषांतर करून ठेवा, मूळ आणि मराठी शेजारी शेजारी. माझं अर्ध्या लोकांशी टेस्टचं बोलणं तिथेच संपतं.

एजन्सीचं उत्तर आलं, "बाकीचे फ्री करतायत." म्हटलं बरं, त्यांना द्या.

मग काही दिवसांनी तेच लोक परत, या वेळी पूर्ण मॅन्युअल मराठीत, आणि विनंती की "फक्त नजर फिरवून द्या, ताई". उघडलं तर एका पानावर नोझल, दुसऱ्यावर तोटी, तिसऱ्यावर फवारणीमुख, सगळं एकाच वस्तूला. शेतकरी नोझलच म्हणतो, त्याला फवारणीमुख कुठे सापडणार पंपावर? ते एक वेळ चालेल, पण एका प्रकरणात लिहिलंय वाऱ्याच्या दिशेने फवारा, जे बरोबर आहे, आणि पुढच्यात वाऱ्याकडे तोंड करून फवारा. कपाशीवर औषध मारणाऱ्या माणसाने हे दुसरं वाक्य पाळलं तर ते औषध सगळं त्याच्या तोंडावर.

नऊ हातांचं काम एकसारखं करायचं म्हणजे प्रत्येक वाक्य मूळ इंग्रजीशी लावून बघावं लागतं, म्हणून मी शब्दावर नाही, तासावर रेट दिला, आणि सोबत हेही कळवलं की नव्याने करून घेतलं तर बहुतेक स्वस्त पडेल. दोन्ही आकडे एकाच मेलमध्ये दिलेत, निम्मे आधी ही अट तीच.