वीस टक्के कशाचे, हे होव्हर केल्यावरच कळणार असेल तर

आज सकाळच्या मीटिंगमधून बाहेर आले ती डोकं तापवूनच. शिरोलीत आमच्या फाउंड्रीच्या भिंतीवरच्या टीव्हीवर नवा डॅशबोर्ड लागलाय. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेला, पॉवर बीआयमधला, दिसायला देखणा. पार्टनिहाय रिजेक्शनचे बार, मोठा वर, लहान खाली. सगळ्यात वर लालभडक ब्रॅकेट, 20 टक्के. मालकांनी तो बघितला आणि मोल्डिंगच्या अण्णांना सगळ्यांसमोर धरलं. "अण्णा, पाचातलं एक कास्टिंग फेकून द्यायचं? काय चाललंय लाइनवर?" अण्णा काही बोलले नाहीत. आयुष्य वाळूत काढलेला माणूस, खाली बघत उभा राहिला.

तो ब्रॅकेट ट्रायल लॉटचा होता हो! ओतले 60, रिजेक्ट 12. एका नगाचं वजन 4 किलो, म्हणजे एकूण 48 किलो धातू. आणि त्याच चार्टवर खाली हिरवा बार होता पंप हाउसिंगचा, 5 टक्के. टार्गेट 6 चं, म्हणून हिरवा. त्याचे ओतलेले नग 2400, रिजेक्ट 120, एकेक 18 किलोचा. दोन टनांहून जास्त माल परत फर्नेसमध्ये, परत वीजबिल, परत मजुरी. त्यावर मीटिंगमध्ये चकार शब्द निघाला नाही.

नगांचे आकडे होते कुठे? टूलटिपमध्ये, म्हणजे बारवर माउस नेला की उघडते त्या छोट्या चौकटीत. मी विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, होव्हर केलं की दिसतं की." टीव्हीला माउस आहे का? रोज सकाळी ज्या पीडीएफचा फोटो ग्रुपवर पडतो, त्यावर होव्हर कसं करायचं? टूलटिप छापली जात नाही, पीडीएफमध्ये येत नाही, तिच्यात स्क्रोल होत नाही, आणि कर्सर हलला की गेली. दोन बारच्या टूलटिप शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. पहिला आकडा डोक्यात धरून दुसरीकडे जायचं. अशा ठिकाणी टक्केवारीचा छेद नेऊन ठेवायचा?

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि यावर मी मागे हटणार नाही. जो आकडा नसला तर समोरच्या बारबद्दलचं मत बदलेल, तो स्क्रीनवरच हवा. टक्केवारी असेल तर कितीपैकी किती, हे बारच्या शेजारी लिहायचं: "60 पैकी 12". आमच्या बाबतीत तर बारची लांबीच टक्क्यांची नको, रिजेक्ट किलोंची हवी. तसं केलं असतं तर हाउसिंगच्या 2160 किलोंपुढे ब्रॅकेटचे 48 किलो दिसलेही नसते आणि अण्णा सुटले असते.

हो, लेबलं वाढली की स्क्रीन गच्च होते, मान्य. मग बार कमी दाखवा, वरचे आठ दाखवा. टूलटिपला काम नाही असंही नाही. पार्टचं पूर्ण नाव, ड्रॉइंग नंबर, नगाचं वजन, शेवटचा लॉट कधी ओतला, हे खुशाल तिथे ठेवा. ते कुणी वाचलं नाही तरी कुणाला विनाकारण बोलणी बसत नाहीत.

चहा घेऊन परत बसले आणि ड्रिल-डाउन उघडून बघितलं, तर तिथे वेगळीच गंमत. हाउसिंगवर क्लिक केलं की खाली डिफेक्ट येतात. ब्लो होल 7 टक्के! अख्ख्या पार्टचं रिजेक्शन 5 टक्के आणि त्यातला एक डिफेक्ट 7 टक्के? कारण शोधलं. ओतलेले नग आणि रिजेक्ट नग एकाच टेबलात आहेत. ब्लो होल निवडलं की ज्या शिफ्टमध्ये ब्लो होल निघाले तेवढ्याच ओळी उरतात. म्हणून 70 ला भाग गेला 1000 ने, 2400 ने नाही. ओतलेल्या नगांवर डिफेक्टचा फिल्टर लागूच द्यायचा नव्हता.

ड्रिल-डाउनमध्ये प्रश्न तोच राहिला पाहिजे, फक्त तुकडे बारीक व्हायला हवेत. तुकड्यांची बेरीज वरच्या आकड्याशी जुळली पाहिजे. ब्लो होल 70, सँड इन्क्लूजन 35, कोल्ड शट 15, मिळून 120. टक्क्यांत साधारण 2.9, 1.5 आणि 0.6, मिळून 5. बेरीज बसत नसेल तर एक तर छेद हललाय, नाहीतर तुम्ही वेगळाच प्रश्न ड्रिल-डाउनमध्ये कोंबलाय.

या डॅशबोर्डमध्ये दोन्ही झालंय. डिफेक्टच्या खाली आणखी एक पायरी केलीय, वाळूच्या मॉइश्चरची. मॉइश्चरचे काय तुकडे करणार? ब्लो होल किती, हा एक प्रश्न. ते का आले, हा दुसरा. वाळू ओली झाली, परमिएबिलिटी उतरली, धातू थंड ओतला, यातलं काय ते बघायला सँड लॅबची रीडिंग, पोअरिंगचं तापमान आणि हीट नंबर एका वेळरेषेवर एकाखाली एक लागतात. त्याला वेगळं पानच पाहिजे. पॉवर बीआयमध्ये त्यासाठी ड्रिलथ्रू आहे, हाउसिंगच्या ब्लो होलवर राइट क्लिक करून त्या पानावर जाता येतं, फिल्टर सोबत येतो. फक्त वर ठळक लिहा: "पंप हाउसिंग, ब्लो होल". नाहीतर बघणाऱ्याला वाटतं सगळ्या फाउंड्रीचंच चाललंय. आणि वाळू अख्ख्या लाइनची एकच असते, म्हणून लॅबच्या रीडिंगवर पार्टचा फिल्टर लावायचा नाही, तारीख आणि लाइनचाच लावायचा.

आता जरा शांत झालेय. करणाऱ्या माणसाचाही सगळा दोष नाही, त्याला कुणी फाउंड्रीत फिरवलंच नसणार. तो टेबलाशी बसून, हातात माउस धरून बघत होता. आमचे लोक उभे राहून लांबून बघतात, नाहीतर फेटलिंगच्या धुळीत मोबाइलवर. मालकांवरही माझा राग नाही. समोर लाल रंग दिसला की माणूस त्यावरच बोलणार. पण अण्णांची मान खाली गेली ती वाळूमुळे नाही, दोन आकडे नको तिथे ठेवल्यामुळे, हे मला सहन होत नाही.

अजून एक गोष्ट त्याला सांगणार आहे. गिऱ्हाइकाकडे मशीनिंग करताना निघालेलं रिजेक्शन आपल्याकडे कितीतरी आठवड्यांनी येतं. ते आजच्या ओतलेल्या नगांनी भागून आजच्या बारमध्ये घालू नका. हीट नंबरवरून ओतल्याची तारीख काढा आणि त्या दिवसाच्या नगांशी लावा. हेही वेगळं पान. तिथे अलीकडचे आठवडे नेहमी चांगलेच दिसणार, कारण त्यांचा माल अजून तपासून व्हायचाय. तेवढी ओळ चार्टच्या खाली, स्क्रीनवर लिहा. टूलटिपमध्ये नको.

तुमच्याकडे असा डॅशबोर्ड असेल तर आज एक करा. त्याच्या पहिल्या पानाची पीडीएफ काढून ज्याच्या कामाचे ते आकडे आहेत त्याच्या हातात द्या, आणि सगळ्यात मोठा बार का मोठा आहे ते विचारा. त्याने "कितीपैकी?" असं विचारलं, तर तो आकडा टूलटिपमधून बाहेर काढा.